मदत हवी आहे: ऑडिट रिपोर्टवर ८ ऑगस्ट, विश्वस्तांची सभा २४ ऑगस्टला, सह्यांखाली तारीख कोणती टाकायची?

वाचनालय_चिटणीस:
आमचं वाचनालय सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं आहे. २०२४-२५ चा ऑडिट रिपोर्ट सीएंच्या ऑफिसातून सही-शिक्क्यासह आला. शेवटी फर्मचं नाव, सीएंची सही, सभासद क्रमांक, ठिकाण, ‘दिनांक ८ ऑगस्ट २०२५’ आणि यूडीआयएन आहे. ताळेबंदाच्या पानावर डावीकडे ‘आमच्या याच तारखेच्या अहवालानुसार’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि सीएंची सही, तर उजवीकडे विश्वस्तांच्या सह्यांची जागा कोरी.

अडचण अशी की हिशेब मंजूर करणारी विश्वस्तांची सभा झाली २४ ऑगस्टला. इतिवृत्तात तसा ठराव आहे. अध्यक्ष म्हणतात, सह्या करून खाली ८ तारीख टाका म्हणजे जुळेल. मला ते पटत नाही. काय करावं?

गावकरी७१:
आमच्या शाळेच्या उपयोगिता प्रमाणपत्राचंही असंच झालं. मुख्याध्यापकांची सही होती, प्रतिस्वाक्षरीसाठी कागद पंचायत समितीत पडून राहिला. वरच्या साहेबांनी त्यांच्या दिवसाची तारीख टाकली, काही बिघडलं नाही. तुम्हीही २४ टाका.

लेखापरीक्षक_सातारा:
गावकरी, तुमचं प्रकरण वेगळं आहे. प्रतिस्वाक्षरी करणारा खालच्याची सही झाल्यावर ती तपासून सही करतो, म्हणून त्याची तारीख नंतरचीच असणार. इथे क्रम उलटा आहे. हिशेब विश्वस्तांचे. ‘हे हिशेब आमचे, यांची जबाबदारी आमची’ असं त्यांनी आधी म्हणायचं आणि मग ऑडिटरने मत द्यायचं. एसए ७०० हे मानक तेच सांगतं: पुरेसा पुरावा हाती येण्याआधीची तारीख अहवालावर टाकता येत नाही, आणि विश्वस्तांची मंजुरी हा त्या पुराव्याचाच भाग. ८ तारखेला मंजुरीच नव्हती, तेव्हा चूक विश्वस्तांच्या रकान्यात नाही, अहवालाच्या तारखेत आहे.

आणि विश्वस्तांनी ८ टाकली तर इतिवृत्त तुमच्याच विरुद्ध बोलेल. धर्मादाय कार्यालयात कुणी तक्रार केली तर आधी ही दोन कागदपत्रंच शेजारी ठेवली जातील.

मीनल_पी:
पण मंजुरी म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेची ना? आमची तर सप्टेंबरमध्ये होते. मग ऑडिटरने तोवर थांबायचं?

लेखापरीक्षक_सातारा:
नाही मीनलताई. इथे मंजुरी हिशेबांची जबाबदारी घेणाऱ्या मंडळाची, म्हणजे विश्वस्तांची. सर्वसाधारण सभेपुढे हिशेब नंतर जातात, तेही ऑडिटरच्या अहवालासकट.

अकाउंट्स_निलेश:
एवढं ताणू नका. यूडीआयएन काढायला ६० दिवस मिळतात. सीएंना सांगा, तारीख पेनाने २४ करून द्या, नंबर तोच राहू द्या.

लेखापरीक्षक_सातारा:
निलेश, ६० दिवस बरोबर. पण ते सहीच्या तारखेपासून नंबर काढण्यासाठी, तारीख सरकवण्यासाठी नाहीत. नंबर काढताना दस्तऐवजाची तारीख पोर्टलवर भरावी लागते आणि नंतर ती बदलता येत नाही. उद्या बँकेने तो udin.icai.org वर तपासला तर तिथे ८ ऑगस्ट दिसेल, कागदावर २४.

चिटणीस, रस्ता असा. ठरावाची प्रत सीएंना द्या. त्यांना जुना यूडीआयएन कारण देऊन रद्द करावा लागेल. २४ किंवा त्यानंतरच्या तारखेने नवा अहवाल, नवा नंबर, आणि ताळेबंदावरही तीच तारीख. सही २४ ची असेल तर नंबर २३ ऑक्टोबरपर्यंत निघायला हवा. आधी विश्वस्तांच्या सह्या नाव, पद आणि तारखेसह घ्या, मग सीएंची. नंबर आल्यावर एक नजर टाका: १८ अक्षरं-अंक, पहिले दोन वर्षाचे, म्हणजे २५, पुढचे सहा म्हणजे सीएंचा सभासद क्रमांक. तो सहीखालच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे.

वाचनालय_चिटणीस:
आत्ताच पाहिलं, सहा आकडे जुळतात. सहीचं पान मात्र वेगळंच आहे. त्यावर फक्त सह्या, मजकुराची एक ओळही नाही.

लेखापरीक्षक_सातारा:
नवा अहवाल निघतोच आहे, तर तेही दुरुस्त करून घ्या. मतपरिच्छेदाच्या निदान दोन-तीन ओळी सहीच्या पानावर याव्यात आणि पानांना ‘५ पैकी ५’ असे क्रमांक असावेत. नुसत्या सह्यांचं पान कुठल्याही अहवालाला जोडता येतं.

मीनल_पी:
आयकराचा १०बीबी अहवाल ८ तारखेनेच ऑनलाइन गेला असेल तर?

लेखापरीक्षक_सातारा:
तो वेगळा अहवाल, त्याचा यूडीआयएनही वेगळा. कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, सीएंनाच विचारावं लागेल.

वाचनालय_चिटणीस:
तो गेलाय की नाही ते मलाच माहीत नाही. सोमवारी ठरावाची प्रत घेऊन सीएंकडे जातो, तेव्हा हेही विचारतो. वाटलेल्या जुन्या प्रती परत मागवायला सुरुवात केली आहे. एक बँकेत गेली आहे, तिथे पत्र द्यावं लागेल का?

गावकरी७१:
पत्र द्याच, आणि पोच घ्या.