खोकथेत भागाचा शेवट कुठे करावा

>> शेवटी धक्का हवाच, पण मग पुढच्याचे हात बांधले जातात, त्याचं काय?

खोकथेत एकाने भाग लिहून खो द्यायचा आणि पुढच्या लेखकाने तिथून कथा पुढे न्यायची. म्हणून धक्का जरूर द्या, पण पुढच्याला नुसता खुलासाच करावा लागेल असा नको. ‘तिने दार उघडलं, समोर तिचा मेलेला नवरा उभा!’ असा खो दिला की भूत, स्वप्न नाहीतर जुळा भाऊ, एवढंच उरतं. अर्धा भाग सारवासारवीतच जातो. त्याऐवजी नवऱ्याचं घड्याळ पार्सलने येऊ दे आणि पाठवणाऱ्याच्या जागी तिच्याच माहेरचा पत्ता असू दे. मग पुढचा लेखक भावाकडे वळेल, जुन्या कर्जाकडे वळेल किंवा नवऱ्याला जिवंतही करेल.

१९३१ साली लंडनच्या डिटेक्शन क्लबने ‘द फ्लोटिंग ॲडमिरल’ ही रहस्यकथा अशीच आळीपाळीने लिहिली. प्रत्येकाने मनात ठरावीक उकल धरूनच आपलं प्रकरण लिहायचं, असा नियम होता, आणि त्या वेगवेगळ्या उकली पुस्तकाच्या शेवटी छापल्या आहेत. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. खो देण्याआधी पुढच्या भागाच्या दोन-तीन वाटा स्वतःसाठी एकेका ओळीत लिहून बघा. एकच सुचली, तर शेवटचं वाक्य बदला.