28 सप्टेंबरची मेख

वाळवंटातला_पुणेकर: 5 ऑक्टोबरला नोकरीसाठी दुबईला आलो. काम इथे, पगार इथे, एनआरआयसाठीचं एनआरई खातंही उघडलं. तरी सीए म्हणतो, ऑक्टोबर ते मार्चचा पगार भारतात दाखवा. निव्वळ लूट! व्हिसा लागला त्या दिवसापासून माणूस एनआरआय. मी दाखवणार नाही, तुम्हीही दाखवू नका.

खडूस_हिशेबनीस: स्वतः काय करायचं ते करा, इतरांना खड्ड्यात का ढकलता? नोकरीसाठी देश सोडला त्या वर्षी आयकर खातं एकच बघतं, एप्रिल ते मार्चमध्ये भारतात किती दिवस होतात. 182 भरले की निवासी. ऑगस्टअखेर 153 होतात, सप्टेंबरचे 30, वर ऑक्टोबरचे 5. तुमचे झाले 188. निघण्याचा दिवस धरून 28 सप्टेंबरला उडाला असता तर 181 वर थांबला असता आणि दुबईच्या पगाराला इथे कुणी हात लावला नसता.

वर्षाचे दोन तुकडे करून अर्धं निवासी, अर्धं अनिवासी अशी सोय आपल्या कायद्यात नाही. ब्रिटनमध्ये आहे. त्यामुळे महिना 4 लाख धरले तर सहा महिन्यांचे 24 लाख तुमच्या इथल्या अर्ध्या वर्षाच्या पगारात मिळवले जाणार. अमेरिकेत असता तर तिथे भरलेल्या कराची वजावट फॉर्म 67 भरून मागता आली असती. दुबईत पगारावर कर नाही, म्हणजे वजा करायलाही काही नाही. शिवाय तिथलं बँक खातं विवरणपत्रात दाखवावं लागेल ते वेगळंच.

वाळवंटातला_पुणेकर: मग बँकेनं मला एनआरआय कसं मानलं? बँक खुळी का?

खडूस_हिशेबनीस: बँक फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, बघते. नोकरीसाठी बाहेर पडलात की तिच्या लेखी लगेच अनिवासी. म्हणून एनआरई खात्याचं व्याज याही वर्षी करमुक्त आहे. तेवढा आनंद घ्या.

साधा_सरळ: इतकं किचकट काय त्यात? वर्षात 182 दिवस बाहेर काढा, झालं. माझा मेहुणा तेच करतो.

दर्यावर्दी_रत्नागिरी: मेहुण्याला सांभाळा! 365 मधून 182 गेले की भारतात उरतात 183, म्हणजे निवासी. बाहेर 184 लागतात, फेब्रुवारी 29 चा असेल तर 185. आम्ही सिंगापूरला जाऊन परदेशी जहाज धरतो, आमचं सगळं पासपोर्टच्या शिक्क्यांवर. एका वर्षी पाठीच्या दुखण्यानं मला मध्येच साइन-ऑफ करून जहाजावरून उतरवलं. परतीचं विमान रात्री पावणेबाराला मुंबईत उतरलं. त्या पंधरा मिनिटांचा एक दिवस धरायचा की नाही, यावर वर्षभराच्या पगाराचा कर लटकला होता.

साधा_सरळ: पगार एनआरई खात्यात आला की कर लागतोच ना पण? भारतात मिळाला म्हणून?

दर्यावर्दी_रत्नागिरी: आयकर खात्याचं 2017 चं 13 नंबरचं परिपत्रक वाचा. अनिवासी खलाशाचा परदेशी जहाजावरचा पगार केवळ एनआरईत जमा झाला म्हणून करपात्र होत नाही. त्याआधी आमच्या किती जणांना नोटिसा आल्या ते विचारा! पण अनिवासी ठरलात तरच हं.

डोंबिवली_फास्ट_नाही: आम्ही इथे लोकलला लोंबकळून टीडीएस कापून घ्यायचा आणि हे बोटीवर बसून दिवस मोजणार. म्हातारपणी उपचाराला मात्र इथलंच सरकारी रुग्णालय हवं.

दर्यावर्दी_रत्नागिरी: सहा महिने घरच्यांचं तोंड न बघता टँकरवर राहून दाखवा, मग बोला.

लेक_अबुधाबीत: भांडण थांबवा जरा. मी दहा वर्षं इथे आहे. आईच्या आजारपणात यंदा चार महिन्यांहून जास्त ठाण्यात राहिले. भाडं आणि डिव्हिडंड मिळून भारतातलं उत्पन्न 15 लाखांवर जातं. मग 182 ऐवजी 120 दिवसांतच निवासी ठरवणारा नियम लागून इथला सगळा पगार करात जाणार म्हणे?

खडूस_हिशेबनीस: नाही, ताई. एक तर आधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस भारतात झाले असतील तरच 120 चा प्रश्न येतो. आणि आला तरी 182 च्या आत असाल तर तुम्ही ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ या खान्यात बसता. अबुधाबीत काम करून मिळालेला पगार त्यात इथे करपात्र नाही. भाड्याचा कर भरा, आईकडे बघा.

वाळवंटातला_पुणेकर: छान! ताईंना सवलत, मला दांडा. कंपनीनं रुजू व्हायची तारीख एक आठवडा पुढे ढकलली, त्याचे लाखो रुपये मी मोजायचे. बरं, भरतो. खडूस साहेबांचा जीव शांत होऊ दे. पुढच्या वर्षी?

खडूस_हिशेबनीस: नोकरी चालू ठेवून नुसते भेटीला येत राहिलात तर 181 पर्यंत चालेल. इथलं उत्पन्न 15 लाखांवर गेलं तर मात्र तुम्हीही ताईंच्या खान्यात, पण दुबईचा पगार तरीही सुटतो. नोकरी सोडून कायमचे परतलात तर ही भेटीची सवलत गेली. मग वर्षात 60 दिवस भरले तरी निवासी, कारण मागच्या चार वर्षांतले 365 तुमचे भरलेलेच आहेत.

साधा_सरळ: अहो, पण त्या पावणेबाराच्या विमानाचं काय झालं?

दर्यावर्दी_रत्नागिरी: माझ्या सल्लागारानं उतरल्याचा दिवस वगळला. तसे आयकर ट्रायब्युनलचे निकाल आहेत.

खडूस_हिशेबनीस: आणि येण्या-जाण्याचे दोन्ही दिवस धरणारा ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाचा निर्णयही आहे. तुमच्या अधिकाऱ्यानं तो काढला नाही, हे नशीब.

दर्यावर्दी_रत्नागिरी: नशीब कसलं? अजून मुदत संपलेली नाही.