देऊळ आमचं, पैसा आमचा, मग सिमेंटला आडवं का येता?

मलप्रभाकाठ: खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. देवळात पावसाळाभर पाणी गळतंय, गाभाऱ्यात बादल्या ठेवाव्या लागतात. कमिटीने ठरवलंय की वरून पाच इंची स्लॅब, भिंतींच्या दगडांमधल्या दर्जा सिमेंटनं भरायच्या, खाली टाइल्स, आणि बाहेरच्या वीरगळांना ऑईलपेंट, म्हणजे उठून दिसतील. वर्गणी गोळा झालीय. आता दोघं-तिघं शिकलेले म्हणायलेत की हेरिटेज आहे, हात लावू नका. सरकारच्या यादीत आमचं देऊळ नाही. आमचा देव, आमचा पैसा. दगड जपायचे की देव भिजत ठेवायचा?

घाटमाथा: हे वाचून राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितेय. मी सिव्हिलवाली आहे आणि दहा-बारा वर्षं जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीवर काढलीत. गळती थांबलीच पाहिजे यावर भांडणच नाही. पण तुम्ही जे ठरवलंय त्याने गळती थांबणार नाही, देऊळ मात्र जाईल.

स्लॅबचा हिशेब स्वतः करून बघा. सभामंडप वीस बाय वीस फूट धरला तर पाच इंची स्लॅबचं काँक्रीट होतं साधारण १६७ घनफूट, सळीसकट वजन साडेअकरा-बारा टन. एवढं ओझं कशावर बसणार, तर एकावर एक नुसते बसवलेले खांब आणि तुळया, ज्यांत चुना नाही की सळी नाही, फक्त दगडाच्या वजनानं शेकडो वर्षं उभे आहेत. त्यांच्या पायाखालची माती तेवढ्याच वजनाला सरावलेली असते. पहिल्या दोन पावसाळ्यांत काही दिसत नाही, मग एखाद्या तुळईला मधोमध खालून चीर दिसायला लागते. आणि काँक्रीटमधल्या सळीला पाणी लागलं की ती गंजते, फुगते, काँक्रीट फोडते. मग तुमची गळती परत आली आणि डोक्यावर बारा टन वजन राहिलं ते वेगळंच.

आता दर्जा. तुमच्याकडं भिंत जांभ्याची असणार, निदान आतला भराव तरी. जांभा म्हणजे स्पंज. खानापूरच्या पावसात तो पाणी पिणारच, ते थांबवता येत नाही, फक्त परत बाहेर कुठून जाणार एवढंच आपल्या हातात असतं. चुन्याच्या दर्जेतून ते जातं कारण चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. सिमेंट भरलं की ती वाट बंद, मग पाणी दगडाच्या तोंडातून सुकतं आणि सोबतचं मीठ दगडाच्या आतल्या बाजूला साचून पापुद्रे सोडवतं. ओळखायची खूण सोपी आहे. पाच-सात वर्षांपूर्वी सिमेंटनं दर्जा भरलेल्या कुठल्याही जुन्या भिंतीपाशी जा आणि हात फिरवा. दर्जा पुढं आलेल्या असतात आणि दगड मागं गेलेले. बोटाला पांढरी पूड लागते. दगडावर टिचकी मारली तर पोकळ वाजतो.

गवंड्याचा_पोर: हे शंभर टक्के खरं हाय. माझे आजोबा चुन्याचं काम करायचे, घाण्यावर चुना मळायला बैल असायचा, आम्ही पोरं मागनं पळायचो. वडिलांनी सिमेंट धरलं कारण कोण पंधरा-वीस दिवस चुना भिजत ठेवणार. आमच्याच गल्लीतल्या देवळाच्या दर्जा वडिलांनी सिमेंटनं भरल्या आणि दहा वर्षांत खालचे चार थर भुगा झाले, वडील शेवटपर्यंत त्या बाजूनं जायचे नाहीत. हे मी कुठं लिहिलं नव्हतं आजपर्यंत.

इतिहास_बेळगाव: मुळात कमिटीला हात लावायचा अधिकारच नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनी कुठलीही वास्तू आपोआप पुरातत्त्व खात्याची होते, पोलिसात तक्रार द्या, काम बंद.

घाटमाथा: नाही हो, आपोआप काही होत नाही आणि असं सांगून लोक घाबरवल्यामुळंच कमिट्या रात्रीत काम उरकतात. शंभर वर्षांची अट १९७२च्या कायद्यात आहे ती मूर्ती, शिलालेख, नाणी असल्या वस्तूंच्या बाबतीत, वास्तूंना नाही. वास्तू अधिसूचना काढूनच संरक्षित होते, केंद्राची १९५८च्या कायद्याखाली, कर्नाटकाची १९६१च्या. हलशीचं भूवराह नरसिंह देऊळ, बेळगाव किल्ल्यातली १२०४ची कमल बस्ती, सफा मशीद ही केंद्राच्या यादीत आहेत. यांचं गावातलं देऊळ कुठंच नाही. घटनेचा अनुच्छेद ४९ सुद्धा राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरलेल्या वास्तूंपुरता राज्याला बांधतो. बाकी उरतं ते ५१ क, वारसा जपायचं नागरिकाचं कर्तव्य, जे मोडलं म्हणून कुणाला शिक्षा होत नाही. म्हणजे अशा हजारो देवळांचा राखणदार गावची कमिटीच आहे, दुसरं कोणी नाही. म्हणून तर मी कमिटीशी भांडतेय. हां, देऊळ मुजराईकडं, म्हणजे सरकारच्या देवस्थान खात्याकडं असेल तर आधी त्या खात्याची परवानगी लागेल, ते तेवढं बघा.

किल्ल्याशेजारी: यादीत येऊ देऊ नका, हात जोडून सांगतो. आमचं घर असल्या एका संरक्षित वास्तूपासून सत्तर मीटरवर. आई ८१ वर्षांची, गुडघे गेलेत, घरात संडास बांधायचा होता. एका हापिसातनं दुसऱ्या हापिसात, दीड वर्ष. शेवटी आई पडली मागच्या अंगणात, रात्री, पावसात. आता मला कोणी वारसा शिकवू नये. दगडाला किंमत आहे आणि माणसाला नाही.

इतिहास_बेळगाव: वाईट वाटलं. पण १०० मीटरच्या आत बांधकाम बंदीचा नियम नसता तर तिथं आज तीन मजली लॉज असता.

किल्ल्याशेजारी: लॉज आणि संडास एकच काय? तुमचं घर कुठंय ते सांगा आधी. लांब बसून नियमाचं कौतुक करायला काय जातंय!

घाटमाथा: दादा, आईचं वाचून खरंच वाईट वाटलं. तुमचा राग बरोबर आहे. पण दोन गोष्टी बघा, कदाचित उपयोग होईल. एक, ते शंभर मीटर भिंतीपासून मोजत नाहीत, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजतात, त्यामुळं सत्तर की पन्नास की एकशेदहा हे मोजणी नकाशावरच ठरवा. दुसरं, २०१०च्या दुरुस्तीनंतर शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद असलं तरी १६ जून १९९२च्या आधीच्या घराच्या दुरुस्तीला आणि नूतनीकरणाला परवानगी मागता येते. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडं जातो, तिथून राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडं. घर १९९२च्या आधीचं आहे हे दाखवायला जुनी घरपट्टी, उतारा, लाइट बिल. बऱ्याच जणांचा अर्ज नवं बांधकाम म्हणून भरला जातो आणि तिथंच मरतो. तुमच्या अर्जावर काय लिहिलं होतं?

किल्ल्याशेजारी: बघावं लागेल. एजंटानं भरला होता. १९७४चं घर आहे, घरपट्टी आहे. पण हे मला दीड वर्षात एकाही खुर्चीनं का सांगितलं नाही?

घाटमाथा: याला माझ्याकडं उत्तर नाही. प्रत्येक स्मारकासाठी वेगळी उपविधी करायची असं कायद्यातच म्हटलंय, म्हणजे कुठं काय चालेल ते जागा बघून ठरावं. सगळीकडं एकच शंभर मीटर लावणं मलाही पटत नाही.

सीमावासी५६: मूळ मुद्दा सगळे टाळायलेत. यादीत गेलं की दारात कन्नडचा निळा बोर्ड लागतो आणि आमच्या पोरांना वाटतं हे आपलं नाहीच. ६० वर्षं आमची भाषा पुसायलेत, आता देवळं पण त्यांच्या नावावर करा.

इतिहास_बेळगाव: मग शिलालेखात कन्नड आहे म्हणून त्यावर रंग ओतायचा का? रट्ट आणि गोव्याचे कदंब या राजघराण्यांचे लेख कन्नडमध्ये आहेत. देवगिरीच्या यादवांचे सुद्धा कितीतरी लेख कन्नडच आहेत. ते काय सीमाप्रश्न बघून कोरले नव्हते.

सीमावासी५६: तुम्ही आम्हाला इतिहास शिकवू नका. मोर्च्यात लाठ्या आम्ही खाल्ल्यात.

घाटमाथा: बोर्डावर मराठी हवी ही मागणी रास्त आहे, मी सही करते. पण वीरगळ कुणाचा आहे ते बघा. राजांचे ताम्रपट असतात, तुमच्या-माझ्या खापरपणज्याचा फक्त वीरगळ असतो. खालच्या चौकटीत गायी आणि लढाई, मधल्या चौकटीत त्याला अप्सरा वर नेतायत, सगळ्यात वर शिवलिंगापुढं बसलेला, कडेला चंद्र-सूर्य. गावची गुरं सोडवताना मेलेला माणूस, दुसरी कुठं नोंद नाही. आणि त्याखाली दोन ओळी असतील तर त्यात त्याचं नाव असू शकतं. आमच्या एका कामावर असाच एक दगड होता, अक्षरं उठून दिसावीत म्हणून कुणीतरी पांढऱ्या रंगानं ती भरली होती. भरणाऱ्याला जुनी लिपी येत नव्हती, त्यानं खड्ड्यांना अक्षर समजून रेघा ओढल्या. लेखाचा ठसा घेताना ओला कागद ब्रशनं कोरीव खाचेत ठोकून बसवतात, मग वरून शाई. खाच रंगानं भरली की कागद बसत नाही. तीन प्रयत्न केले, मधली ओळ गेली ती गेलीच.

सीमावासी५६: रंग नको, एवढं मान्य. बोर्डाचं मी सोडणार नाही.

मलप्रभाकाठ: माझ्या धाग्यावर संडास आणि बोर्ड झालं, देवळाचं कोण सांगणार? ऑईलपेंट तर दोन दगडांना मारून पण झालाय. आणि ताई, हे चुन्याचं सगळं ऐकायला बरं आहे, गळतीचं काय ते सांगा. मे महिन्यात वास्तुशांत धरलीय.

घाटमाथा: रंग मारलेल्या दगडांना आता काही करू नका. तारेचा ब्रश, अॅसिड, वाळूचा मारा, यातलं काहीही केलं तर रंगासोबत कोरीव काम जातं. तो पुरातत्त्वाच्या रसायन शाखेच्या माणसानं द्रावण लावून हळू काढायचा.

गळतीसाठी आधी छतावर चढा. वरची माती आणि गवत काढलंत की खाली चुन्या-विटेच्या तुकड्यांचा जुना कोबा सापडेल, बहुतेक वेळा गळती त्याच्या चिरांतून असते किंवा पन्हळ तुंबलेली असते. पिंपळ असेल तर ओढून काढू नका, दगड घेऊन येतो, बुंध्याशी कापून मुळं मारायची. मग एका वेळी एकेक बादली ओतत खाली माणूस उभा करा, कुठल्या बादलीला ठिपका येतो ते खडूनं खूण करा. तेवढाच कोबा काढून नवा घालायचा, भिजवून मुरवलेला चुना एक भाग, विटेची भुकटी एक, वाळू दोनपर्यंत, विटेचे तुकडे, आणि लाकडी थापीनं चोपत राहायचं, पन्हळीकडं उतार ठेवून. रंगाच्या दुकानातली चुन्याची पावडर चालत नाही. दिवाळीनंतर सुरू करा, होळीपर्यंत संपवा, ओलं पोतं पांघरून ठेवा. स्लॅबपेक्षा मजुरी जास्त लागेल, वेळ तिप्पट लागेल. टाइल्स नकोच, जमिनीची ओल वर यायला जागा राहिली नाही की ती भिंतीत चढते.

गवंड्याचा_पोर: चोपायला माणसं मी आणतो. आजोबांच्या हाताखालचा एकजण अजून हाय, सत्तरी पार, पण मिश्रण हातात घेऊन सांगतो झालं की नाही.

मलप्रभाकाठ: टाइल्सचं ऐकणार नाही कुणी, बायकांना निसरडी जमीन नको आणि शेण सारवायला कोण नाही. स्लॅबचं बोलून बघतो रविवारच्या मीटिंगला, बारा टनाचा आकडा सांगतो, अध्यक्ष काँट्रॅक्टरचे मेव्हणे आहेत तेव्हा किती ऐकतील माहीत नाही. बादलीचं मात्र उद्याच करतो, त्याला वर्गणी लागत नाही.

घाटमाथा: खडबडीत शहाबादी फरशी चुन्यात बसवा, टाइल्सपेक्षा खूप बरी, निसरडी पण होत नाही. आणि बादली ओतायच्या आधी छताचे आणि भिंतींचे फोटो काढून ठेवा, चारही बाजूंनी, मोजपट्टी शेजारी धरून.

किल्ल्याशेजारी: ताई, घरपट्टी सापडली. १९७६ची आहे, ७४ची नाही. चालेल ना?