पहिल्याच मेसेजमध्ये किती सांगायचं?

शोधमोहीम_पुणे: एका लिस्टेड कंपनीसाठी नवा सीएफओ शोधतोय. सध्याच्या सीएफओंना अजून कल्पना नाही. समोरची व्यक्तीही मोठ्या पदावर आहे. मसुदा असा: “चाकणची, ब्रेकचे भाग बनवणारी, कुटुंबाच्या मालकीची लिस्टेड कंपनी. उलाढाल १,८०० कोटी. सीएफओ हवेत.” नाव कुठेच नाही. चालेल ना?

जुना_हेडहंटर: नाव लिहिलं नाहीस, पत्ता मात्र दिलास. चाकण, ब्रेक, कुटुंब आणि उलाढाल एकत्र वाचली की या धंद्यातला माणूस दोन मिनिटांत कंपनी सांगेल. पुण्यातले सीएफओ एकमेकांना ओळखतात, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सध्याच्या साहेबांच्या कानावर जाईल. शिवाय सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत सीएफओसारख्या पदावरचा बदल ही जाहीर होईपर्यंत शेअरच्या भावावर परिणाम करणारी माहिती ठरू शकते. मी एवढंच लिहीन:

“नमस्कार सर. पश्चिम भारतातल्या एका उत्पादन कंपनीच्या वित्तप्रमुख पदाबद्दल बोलायचं होतं. उलाढाल दीड ते अडीच हजार कोटी, रिपोर्टिंग थेट एमडींना. आपण हाताळलेली कर्जफेररचना पाहून आपलं नाव सुचलं. सोयीच्या वेळी खासगी नंबरवर दहा मिनिटं बोलता येईल का?”

आकडेमोड: मी असे मेसेज घेणाऱ्यांपैकी. “एक उत्पादन कंपनी” वाचलं की डिलीट करतो. ती माझ्या बँकेची कर्जदार निघाली, किंवा माझीच कंपनी निघाली तर? नाव कळल्याशिवाय मी माझ्याबद्दल एक शब्द बोलणार नाही.

रोहन_एमबीए: सर, मला ९ वर्षांचा अनुभव आहे, सीव्ही कुठे पाठवू?

सही_आधी: सोपं आहे. आधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या, मग सगळं सांगा.

जुना_हेडहंटर: अनोळखी माणसाच्या पहिल्या मेसेजवर कोण सही करतं? क्लायंटची परवानगी घेऊन नाव फोनवर सांगायचं. आणि ती माहिती शेअरच्या भावावर परिणाम करणारी ठरत असेल, तर कोणाला सांगितलं याची नोंद पॅनसकट कंपनीच्या डिजिटल डेटाबेसमध्ये ठेवावी लागते. करार केला म्हणून ती नोंद टळत नाही. आकडेमोड, तुमची शंका रास्त आहे. पण हितसंबंध आड येतात का, हे आम्ही मेसेजआधीच तपासायचं असतं. “माझीच कंपनी” निघाली, तर तो आमचा गाढवपणा.

वैशाली_जी: मला असा मेसेज ऑफिसच्या मेलवर आला होता, वर जेडी जोडलेली. तो इनबॉक्स माझी सेक्रेटरीही बघते. तिने शांतपणे प्रिंट काढून टेबलावर ठेवली! नंतर महिनाभर मीच नोकरी शोधतेय अशी कुजबुज.

आकडेमोड: मेल खासगी असो की ऑफिसचा, माझा मुद्दा तोच. निदान “लिस्टेड” तरी लिहा. लिस्टेड कंपनीच्या सीएफओची जबाबदारी वेगळीच असते.

जुना_हेडहंटर: “लिस्टेड” लिहायला हरकत नाही, मग “पश्चिम भारत” काढतो. दोन्ही ठेवणार नाही.

शोधमोहीम_पुणे: पण ठिकाण न कळता मुंबईतला माणूस उत्तर देईल का?