अनुभव धागा: लहान ब्लॉगची पहिली कमाई – सभासदत्व, देणगी की प्रायोजित लेख?

उदाहरणादाखल गडकिल्ल्यांवरचा ब्लॉग घेऊ. नियमित वाचक 800, महिन्याला तीन लेख. पहिले पैसे कुठल्या वाटेने आणावेत? हिशेबासकट लिहा.

घाटवाट
सभासदत्व, पण वार्षिक. 20 जणांनी 300 रुपये भरले की 6,000 होतात. पेमेंट गेटवे 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेत असेल तर प्रत्येकी 7 रुपये 8 पैसे जातात. महिना 25 रुपये ठेवले तरी कपात तेवढीच, मात्र खात्यातून आपोआप होणाऱ्या प्रत्येक वजावटीच्या किमान 24 तास आधी वाचकाला सूचना जाते. म्हणजे वर्षातून बारा वेळा आपणच त्याला ‘बंद करू का?’ असं विचारतो. खात्यात शिल्लक नसल्याने फसलेली वजावट आणि मुद्दाम रद्द केलेलं सभासदत्व वेगळं मोजा; पहिल्या प्रकारात नुसती लिंक पुन्हा पाठवली तरी काम होतं.

मीनल_द
म्हणजे जुने लेख कुलूपबंद करायचे ना?

घाटवाट
नाही हो! नवा वाचक शोधातून जुन्या लेखांवरच येतो. सभासदांना वाटेची जीपीएक्स फाइल आणि छापता येईल असा नकाशा द्या.

अण्णा सातारकर
देणगीच बरी. क्यूआर कोड लावा, यूपीआयला कपात नाही, आणि वर्षाला 50,000 पर्यंत करही नाही.

लेखापाल
अण्णा, कपातीचं बरोबर, पण ते वैयक्तिक खात्यावर. कराचं मात्र चुकतंय. ती मर्यादा भेट म्हणून मिळालेल्या पैशांची आहे. लेखनाच्या बदल्यात येणारा पैसा व्यवसायाचं उत्पन्न धरला जातो, नाव ‘देणगी’ दिलं तरी. शिवाय देणाऱ्याला करसवलतीची 80जी पावती देता येत नाही, हे क्यूआरखाली लिहून टाका.

रानवारा
प्रायोजित लेखात पैसे एकदम येतात, पण कंपनी साधी लिंक मागते. ती देऊ नका. पैसे घेऊन दिलेली लिंक अशी हवी:

```html
<a href="https://example.com" rel="sponsored">तंबू</a>
```

नाहीतर गूगल ती विकलेली लिंक मानतं आणि फटका आपल्या साइटला बसतो. ‘जाहिरात’ हा शब्द शीर्षकाखालीच हवा, लेखाच्या तळाशी नको. कंपनीने लेखासाठी पाठवलेला तंबू परत केला तर प्रश्न नाही. ठेवून घेतला आणि एकाच कंपनीकडून वर्षात 20,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू आल्या, तर कंपनीला 10 टक्के टीडीएस भरावा लागतो. वस्तू हेही उत्पन्नच. 800 वाचकांत मी वर्षाला दोनच असे लेख घेईन.

न्यूजर्सीकर
माझे निम्मे वाचक इकडचे. त्यांना यूपीआय जमत नाही. देणगी कशी घेऊ?

लेखापाल
भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. अमेरिकी नागरिक मराठी असला तरी कायद्याने परकीय स्रोतच. त्याच्याकडून देणगी न घेता सभासदत्वाचं शुल्क घ्या आणि बिल द्या. सेवेचा मोबदला वेगळा धरला जातो.

न्यूजर्सीकर
आणि कोणी 300 च्या जागी 3,000 भरले तर वरचे 2,700 शुल्क की देणगी?

लेखापाल
ते मलाही तपासावं लागेल. तोवर रक्कम बदलता येणार नाही असाच फॉर्म ठेवा.