‘संथ’ म्हणजे दोष की नुसतं वर्णन?

मांडवीकाठी: खाडीकाठी बांध घालून केलेल्या खाजन शेतीवरच्या माहितीपटाचा रफ कट बघून मी एडिटरला टिपणं लिहून दिली. कट २६ मिनिटांचा आहे, हवा २०चा. ०४:१० ते ०५:०५ एकच शॉट आहे, भरती चढते तसं मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार पाण्याच्या रेट्याने आपसूक मिटतं. त्यापुढे मी लिहिलं, ‘इथे संथ वाटतं.’ एडिटरने शॉट २० सेकंदांवर आणला. आता दार उघडं दिसतं आणि एकदम बंद, मिटताना दिसतच नाही. त्याचं म्हणणं, संथ म्हणजे कापा. मी कोणता शब्द लिहायला हवा होता?

जुना वाचक: संथ हा दोष नव्हेच, नदी संथ वाहते. कंटाळा आला असेल तर ‘रटाळ’ लिहा. आणि एडिटरला ‘संकलक’ म्हणा, चांगला शब्द आहे.

फोंड्याची: लग्नाच्या व्हिडिओवाल्याला मी ‘थोडं फास्ट करा’ म्हटलं होतं. त्याने सप्तपदीचा वेगच वाढवला, सगळे पळत सुटल्यासारखे दिसतात. तेव्हापासून मी शब्द जपून वापरते.

कापाकापी: संकलक म्हणा नाहीतर एडिटर, ‘रटाळ’ वाचून तोही कापणारच. विशेषण नको, बघताना काय झालं ते लिहा: ‘०४:४०ला लक्ष उडालं, काय बघायचं ते कळेना.’ दार भरतीने मिटतं हे निवेदनात कधी येतं?

मांडवीकाठी: ०७:३०ला.

कापाकापी: मग दुखणं तिथे आहे. कशाची वाट बघायची ते माहीत नाही, म्हणून ५५ सेकंद जड जातात. ते वाक्य शॉटच्या आधी आणायला सांगा, शॉट पूर्ण ठेवा, मग परत बघा. तरीही लांब वाटला तर शेपटाकडून पाच-सात सेकंद काढता येतील. मी टिपणांत आधी न कळलेल्या जागा लिहितो, मग अडखळलेली गती, लांबी शेवटी. पहिलं सुधारलं की दुसऱ्यातल्या बऱ्याच टिपा आपोआप गळतात. सहा मिनिटं काढायला एकच गोष्ट दोनदा सांगणारं कोणी आहे का बघा.

मांडवीकाठी: आहे. बांध फुटल्याचं दोघे शेतकरी सांगतात, मिळून चार मिनिटं. एक ठेवते. पण गतीच्या टिपांत ‘रेंगाळतं’ चालेल?

जुना वाचक: रेंगाळणं हे रांगण्यावरून आलं असावं. रांगणारं मूल पुढे जातंच, म्हणून तो शब्दही इथे बसत नाही.

फोंड्याची: व्युत्पत्ती काहीही असो, चव जिभेवर रेंगाळते. एडिटरला ते कौतुक वाटेल.

कापाकापी: टाइमकोड आणि कारण पुढे असलं तर कोणताही शब्द चालतो.

जुना वाचक: असं म्हणत म्हणतच शब्द बोथट होतात.

दिवाडकर: ‘मानशीचं’ म्हणजे मूळ शब्द ‘मानस’ की ‘मानशी’? आमच्या घरी ‘मानस’ म्हणतात, आणि तोही ‘तो मानस’.

मांडवीकाठी: आमच्याकडे ‘ती’. निवेदनात तसंच रेकॉर्ड झालंय.