शब्दचर्चा: ‘बलाची सरासरी’ की ‘सरासरी जागेवरचं बल’?

कोथरूडकर: पुंजयांत्रिकीतल्या एरेनफेस्टच्या १९२७ च्या प्रमेयावर मराठीत टिपण करतोय. ‘कणाचं सरासरी स्थान आणि सरासरी संवेग न्यूटनचे नियम पाळतात’ हे वाक्य चालेल का? आणि ‘सरासरी’ म्हणावं की ‘अपेक्षित मूल्य’?

कात्रजचा घाट: सरासरीच. स्वारगेटहून निघालेली बस कुठे पळते, कुठे सिग्नलला थांबते. सरासरी वेग निघतोच ना? कणाची थरथर वेळेत विरली की उरतो तो न्यूटन.

औंध: ही काळावर काढलेली सरासरी नव्हे. एकसारखे तयार केलेले पुष्कळ कण घ्यायचे, प्रत्येकाचं त्याच क्षणी एकदाच मोजमाप करायचं, आणि मग सरासरी काढायची. तोच कण पुन्हा मोजून उपयोग नाही, पहिल्याच मोजमापात त्याची अवस्था बदलते.

पण वाक्यात खरी गोम ‘पाळतात’ मध्ये आहे. x स्थान, p संवेग, m वस्तुमान, F बल आणि ⟨ ⟩ म्हणजे सरासरी. d⟨x⟩/dt = ⟨p⟩/m इथवर ठीक. पुढे मिळतं d⟨p⟩/dt = ⟨F(x)⟩, म्हणजे बलाची सरासरी. न्यूटनला हवं F(⟨x⟩), म्हणजे सरासरी जागेवरचं बल. नुसतं ‘सरासरी बल’ लिहिलंत की दोन्ही एकात मिसळतात.

F = −x³ घ्या, उणे चिन्ह बाजूला ठेवून फक्त आकडे पाहू. कण कुठे सापडेल याच्या शक्यतांचा पुंजका सममित, मध्य a = १, प्रमाण विचलन म्हणजे पसारा σ. ⟨x³⟩ = a³ + 3aσ². σ = ०.१ असेल तर बलाची सरासरी १.०३, फरक तीन टक्के. σ = ०.५ असेल तर १.७५! सरासरी जागेवरचं बल मात्र दोन्ही वेळा १ च.

पर्वती: म्हणजे पुंजका अरुंद तर न्यूटन, रुंद तर नाही. सोपं आहे की.

औंध: अर्धंच बरोबर. स्प्रिंगचं बल स्थानाच्या प्रमाणात असतं, तिथे पुंजका कितीही रुंद असो, दोन्ही बलं तंतोतंत एक. एकसमान गुरुत्वातही तेच. इतरत्र अरुंदपणा लागतो, पण तो टिकत नाही: १ नॅनोमीटर विचलनाचा मुक्त इलेक्ट्रॉनचा गाउसी पुंजका सुमारे ३० फेम्टोसेकंदांत दुप्पट पसरतो. सुरुवातीला जुळलं म्हणून पुढे जुळेलच असं नाही.

आणि समीकरण जुळलं म्हणजे कण न्यूटनच्या जगातल्यासारखा अभिजात झाला, असंही नाही. स्प्रिंगला बांधलेल्या कणाच्या ठरावीक ऊर्जेच्या कुठल्याही स्थिर अवस्थेत ⟨x⟩ आणि ⟨p⟩ कायम शून्य. न्यूटन खूश, पण झोका कुठेय?

कोथरूडकर: मग ‘बलाच्या सरासरीइतक्या दराने सरासरी संवेग बदलतो’ असं लिहितो. ‘अपेक्षित’ चं काय?

औंध: नको. मधे स्थितिज ऊर्जेचं उंच टेकाड असलेल्या दोन सारख्या खड्ड्यांत किमान ऊर्जेच्या अवस्थेतल्या कणाचं ⟨x⟩ टेकाडावर पडतं. तिथे तो सापडण्याची अपेक्षा कोण करेल?

पर्वती: फाशाचं अपेक्षित मूल्य साडेतीन. संख्याशास्त्रात त्यावर कुणी हरकत घेत नाही. रूढ शब्द टाकायचा कशाला?

औंध: कारण फाशावर साडेतीन नसतात हे पोरांना दिसतं, टेकाड दिसत नाही.

पर्वती: मग टेकाडाची आकृती काढा. शब्द राहू द्या.